उताऱ्यात लेखक कुठल्या बाजूला उभा आहे, हे कुठून कळतं?

प्रश्न: मॅडम, मी मालवणची. राज्यसेवा पूर्वच्या दुसऱ्या पेपरची तयारी करतेय. उताऱ्यातल्या माहितीवरचे प्रश्न माझे जवळजवळ सगळे बरोबर येतात. पण ‘लेखकाचा दृष्टिकोन काय’, ‘सूर कोणता’, ‘उताऱ्याचा हेतू काय’ असं विचारलं की गडबड होते. परवा सराव परीक्षेत पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे यांत्रिक नौकेतून मोठं जाळं टाकून मासळीचा थवा वेढण्याच्या पद्धतीवर, उतारा होता. लेखक पारंपरिक मच्छीमारांच्या बाजूचा आहे असं मला स्पष्ट दिसत होतं. आमच्या घरी रापण आहे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं, विषय मला माहीत आहे. उत्तरतालिकेत मात्र ‘सहानुभूतीपूर्ण पण चिकित्सक’ असं आलं. हे ठरवायचं कसं? सूर दाखवणाऱ्या शब्दांची यादी पाठ केली तर जमेल का?

उत्तर:

यादीचं नंतर बघू. तुझ्या प्रश्नातच एक वाक्य आहे, ‘विषय मला माहीत आहे’, आणि माझ्या मते अडचण तिथे सुरू होते. माहितीच्या प्रश्नात विषय माहीत असला तर फायदा होतो, निदान तोटा होत नाही. दृष्टिकोनाच्या प्रश्नात तो हमखास आडवा येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली मुलं हापूस, मासेमारी, खाणी, महामार्ग यांवरच्या उताऱ्यांत जास्त चुकतात आणि राजस्थानातल्या पाणीसाठ्यांवरच्या उताऱ्यात कमी, हे मी वर्गात कायम बघते. राजस्थानच्या उताऱ्यात त्यांना स्वतःचं मत नसतं, त्यामुळे लेखकाचं मत दिसतं. घरच्या विषयात लेखकाने अर्धं वाक्य लिहिलं की उरलेलं आपण पुरं करतो.

तुझा तो उतारा माझ्यासमोर नाही. म्हणून त्याच विषयावर मी वर्गासाठी लिहिलेला एक उतारा देते. एकदा सलग वाच, मग पुढे ये.

> महाराष्ट्रात सागरी मासेमारीचे नियमन करणारा कायदा १९८१ साली आला. त्यामागचा विचार चांगलाच होता : किनाऱ्यालगतचे पाणी लहान होडीवाल्यांसाठी राखावे आणि मोठ्या यांत्रिक नौकांनी खोल समुद्रात जावे. पुढे पर्ससीन जाळी वाढली, मासा घटत चालल्याची तक्रार गावोगावचे मच्छीमार करू लागले आणि २०१६ मध्ये शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाची रक्कम लाखांच्या घरात गेली. कागदावर आता काही कमी नाही. समुद्रात हा कागद पोहोचवणाऱ्या गस्ती नौका मात्र मोजक्याच आहेत. पारंपरिक मच्छीमार मासळीच्या दुष्काळाचा सगळा दोष पर्ससीनवाल्यांना देतात. ज्याची होडी रिकामी परत येते, त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण खाड्यांतले प्रदूषण, समुद्राचे वाढते तापमान आणि बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, जाळ्यांत अडकणारी माशांची पिल्ले यांचा हिशेब त्या रागात धरलेला नसतो; आणि बारीक आसाची जाळी केवळ मोठ्या नौकांवरच असतात असे नाही. दंड वाढवल्याने प्रश्न सुटेल अशी आशा बाळगायला हरकत नाही. तेवढ्याने तो सुटल्याचे मात्र अजून दिसलेले नाही.

आता प्रश्न. पारंपरिक मच्छीमारांकडे लेखक कसा पाहतो? पर्याय असे समज : (१) त्यांच्या मागणीला पूर्ण पाठिंबा देतो, (२) सहानुभूती बाळगतो, पण त्यांचं निदान अपुरं मानतो, (३) त्यांनाच दोषी धरतो, (४) त्यांच्याबद्दल तटस्थ आहे.

पेन्सिल घे आणि ज्या वाक्यांना कुणीच आक्षेप घेणार नाही ती खोडून टाक. १९८१ चा कायदा, २०१६ चा आदेश, २०२१ ची दुरुस्ती. ही वाक्यं पर्ससीनवाला लिहील तशीच रापणकारही लिहील, त्यामुळे लेखक कुठे उभा आहे ते त्यांतून कळत नाही. तुझ्यासारखी मुलं नेमकं याच ओळींखाली रेघा मारतात, कारण साल आणि आकडा दिसला की हात आपोआप जातो. माहितीच्या प्रश्नासाठी ती सवय चांगली आहे, आणि इथे तीच नडते.

खोडल्यावर हाताशी काय राहतं बघ : ‘चांगलाच होता’, ‘कागदावर आता काही कमी नाही’, ‘मात्र मोजक्याच’, ‘सगळा दोष’, ‘समजण्यासारखा आहे’, ‘पण’, ‘धरलेला नसतो’, ‘केवळ मोठ्या नौकांवरच असतात असे नाही’, ‘हरकत नाही’, ‘तेवढ्याने’. यातला एकही शब्द मासेमारीबद्दल नवी माहिती देत नाही. हे शब्द काढले तरी उताऱ्यातली माहिती जवळपास शाबूत राहते, लेखक तेवढा नाहीसा होतो. म्हणून दृष्टिकोनाचं उत्तर याच शब्दांत शोधायचं.

मच्छीमारांविषयी यातली तीनच ठिकाणं कामाची आहेत. पहिलं, ‘सगळा दोष पर्ससीनवाल्यांना देतात’. हे मत मच्छीमारांचं आहे, लेखक ते फक्त कळवतोय. ‘सगळा’ हा शब्द मात्र लेखकाचा आहे. कुणाचं म्हणणं सांगताना आपण ‘सगळा’, ‘सरसकट’, ‘एकजात’ असं घातलं की ते म्हणणं जरा जास्त ताणलेलं आहे अशी आपली समजूत असते. नुसतं ‘दोष पर्ससीनवाल्यांना देतात’ असं असतं तर अंतर इतकं पडलं नसतं. दुसरं ठिकाण, ‘राग समजण्यासारखा आहे’. इथे सहानुभूती आहे यात शंका नाही, पण ती कशाबद्दल आहे? रागाबद्दल. मागणी बरोबर आहे असं लेखक कुठेही म्हणालेला नाही. तुझी गाडी बहुधा या वाक्यावर थांबली असणार. घरात रापण असणाऱ्याला हे वाक्य वाचून बरं वाटतं आणि पुढचं ‘पण’ हलकं होऊन जातं. तिसरं ठिकाण तेच, ‘पण’नंतरचं.

मराठीत ‘पण’च्या दोन बाजू सारख्या वजनाच्या नसतात. ‘राग समजण्यासारखा आहे, पण सगळा हिशेब त्यात धरलेला नाही’ आणि ‘सगळा हिशेब त्यात धरलेला नाही, पण राग समजण्यासारखा आहे’ ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघ. माहिती तीच आहे. पहिल्यात लेखक मच्छीमारांना थांबवतो, दुसऱ्यात त्यांची बाजू सांभाळून घेतो. माणूस ‘पण’च्या पुढे जे म्हणतो तिथे त्याला पोहोचायचं असतं, अलीकडचं बोलणं वाट मोकळी करण्यासाठी असतं. उताऱ्यात ‘पण’, ‘मात्र’, ‘तरीही’, ‘असे असले तरी’ दिसलं की त्याभोवती गोल कर आणि पुढचं वाक्य दोनदा वाच. एवढ्या एका सवयीने दृष्टिकोनाचे बरेच प्रश्न सुटतात. एक अपवाद लक्षात ठेव : ‘जरी’ असलेल्या वाक्यात वजन ‘जरी… तरी’च्या बाहेरच्या मुख्य विधानावर असतं, आणि तो भाग कधीकधी आधीच येऊन गेलेला असतो. ‘हा निर्णय योग्यच होता, जरी तो उशिरा आला असला तरी’ यात लेखक निर्णयाच्या बाजूला आहे, उशिराची तक्रार शेपटाला आहे.

मग पर्याय (१) गेला, कारण पूर्ण पाठिंब्याला आधार देणारं वाक्य नाही. (४) गेला, कारण ‘समजण्यासारखा’ हा तटस्थ माणसाचा शब्द नाही. (३) चलाख पर्याय आहे. ‘केवळ मोठ्या नौकांवरच असतात असे नाही’ हे वाचून वाटतं की लेखक लहान होडीवाल्यांवर उलटला. पण तो त्यांनाही कारणांत धरतोय, ‘त्यांच्यामुळेच’ म्हणत नाही. ‘त्यांनाच’मधला तो ‘च’ पर्यायात आहे, उताऱ्यात नाही. (२) राहिला, आणि त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांना उताऱ्यातलं एकेक वाक्य बोट लावून दाखवता येतं.

हे बोट लावणं मी वर्गात सक्तीचं केलंय. ‘सहानुभूतीपूर्ण पण चिकित्सक’, ‘सावध आशावादी’, ‘आदरयुक्त असहमती’ असे जोडशब्दांचे पर्याय आले की दोन्ही शब्दांना वेगवेगळा पुरावा मागायचा. परीक्षक बहुतेक वेळा एक शब्द बरोबर ठेवून दुसरा बिघडवतो. याच उताऱ्यावर ‘कायद्याविषयी लेखकाचा सूर’ विचारला आणि ‘निराश व संतप्त’ असा पर्याय दिला, तर निराशेला थोडा आधार आहे. संतापाचा शब्द दाखव? नाही सापडत. ‘कागदावर आता काही कमी नाही’ हे चिडून लिहिलेलं वाक्य नाही, तिरकस आहे. मग ‘साशंक’ बरोबर ठरतं, आणि ‘सौम्य उपरोधिक’ असा पर्याय असेल तर तोही विचारात घ्यावा लागतो.

तिरकसपणाचं आपल्याकडे काय सांगायचं! मालवणीत ‘मोठो शाणो इलो!’ म्हटल्यावर कुणाला ती स्तुती वाटत नाही. आपल्या भागातल्या मुलांना उपरोध शिकवावा लागत नाही, तरी कागदावरचा उपरोध त्यांच्या हातून निसटतो, कारण कागदावर तो सूर लावणारा आवाज नसतो. लिहिणारा त्याची भरपाई रचनेने करतो. वरच्या उताऱ्यात ‘कागदावर आता काही कमी नाही’ हे सुटं वाचलं तर समाधानाचं वाक्य आहे. लागून लगेच ‘मात्र’ आलं आणि ‘हा कागद’ पुन्हा आला, तेव्हा समाधान उलटं फिरलं. उपरोध ओळखायची खूण हीच : स्तुतीचा शब्द आणि शेजारच्या वाक्यातली वस्तुस्थिती यांचा मेळ बसत नाही. मेळ बसत असेल तर स्तुती खरी समजायची. ‘त्यामागचा विचार चांगलाच होता’ यात उपरोध नाही, कारण पुढे दिलेला विचार खरोखर चांगला आहे, लेखक त्याची खिल्ली उडवत नाही. दोन्ही वाक्यं स्तुतीची, एक खरं आणि एक तिरकं. सगळीकडे टोमणा शोधणाऱ्या मुलांनाही मी हाच उतारा देते.

मूळ मराठीत लिहिलेला उतारा असेल तर सूर अगदी बारक्या जागांत बसलेला असतो. ‘बंदरात जेटी बांधली’ ही बातमी झाली. ‘बंदरात जेटी बांधून टाकली’ म्हटलं की घाई किंवा बेफिकिरी आली. ‘जेटी बांधून बसले’ म्हटलं की आता निस्तरा, असा अर्थ आला. ‘जेटी एकदाची झाली’ यात वाट पाहून आलेला कंटाळा आहे. ‘जेटी झाली म्हणे’ यात सांगणाऱ्याचाच विश्वास नाही. आणि ‘जेटी बांधली खरी’ असं लिहून लेखक थांबला तरी आपण ‘पण’ची वाट बघतो. या सहाही वाक्यांत जेटी तीच, बांधकाम तेच. ‘टाकणे’, ‘बसणे’, ‘एकदाचा’, ‘म्हणे’, ‘खरी’ या लहान शब्दांवरून डोळा घसरतो, कारण माहिती शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो. विशेषणांपेक्षा यांच्याकडे जास्त लक्ष दे. मुलं ‘भयानक’, ‘अद्भुत’ असली जाडजूड विशेषणं शोधत बसतात आणि बऱ्या लेखकाच्या उताऱ्यात ती नसतातच.

परीक्षेतले पुष्कळ उतारे मात्र इंग्रजीतून मराठीत आलेले असतात, आणि भाषांतरात हे बारके शब्द गळून पडतात. तिथे दुसरीकडे बघावं लागतं. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं सांगणारं क्रियापद. ‘पर्यटनाने रोजगार वाढला, असे अधिकाऱ्यांनी सांगितले’ यात लेखक मधे नाही. ‘असा दावा अधिकाऱ्यांनी केला’ म्हटलं की लेखकाने हात झटकले, खरं-खोटं तुम्ही बघा. ‘हे अधिकाऱ्यांनी दाखवून दिले’ म्हटलं की लेखकाला ते पटलेलं आहे. ‘हे अधिकाऱ्यांनी मान्य केले’ म्हटलं तर आधी ते नाकारत होते किंवा त्यांच्या सोयीचं नव्हतं, असं सुचवलं जातं. भाषांतर कितीही रटाळ असलं तरी हा फरक सहसा टिकतो. दुसरी जागा ‘तथाकथित’ आणि अवतरणचिन्हं. तिसरी, ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असू शकते’ यांसारखे शब्द. ते भरपूर असले की ‘ठाम’, ‘आग्रही’, ‘निर्विवाद’ असले पर्याय बाद होतात. उतारा दोन्ही भाषांत छापलेला असेल तर सगळा दोनदा वाचायला वेळ नाही. १२० मिनिटांत ८० प्रश्न आहेत. पण ज्या वाक्यावर तुझा निर्णय अडलाय ते एक वाक्य दुसऱ्या भाषेत बघून घे. एवढ्याने कधीकधी गाठ सुटते.

हेतूचा प्रश्न याचाच भाऊ, पण तो थोडा वेगळा सोडवायचा. दृष्टिकोन म्हणजे लेखकाला काय वाटतं, आणि हेतू म्हणजे हे लिहून त्याला वाचकाकडून काय हवं आहे. मासेमारीच्याच उताऱ्यावर पर्याय घे : (१) १९८१ ते २०२१ या काळातल्या कायद्याचा इतिहास सांगणे, (२) पर्ससीनवर संपूर्ण बंदीची मागणी करणे, (३) निव्वळ दंड वाढवणे पुरेसे नाही हे दाखवणे, (४) सागरी प्रदूषणाचे परिणाम समजावणे. मुलं (१) वर जातात, कारण उताऱ्यातल्या सालांनी बरीच जागा खाल्लेली आहे. जागा किती खाल्ली यावर हेतू ठरत नाही. ती साल कशाला आणली हे विचार. कायद्यामागून कायदा झाला आणि तरी प्रश्न उभा आहे, हे म्हणता यावं म्हणून आणली. म्हणजे इतिहास ही तयारी झाली. (४) मधलं प्रदूषण अर्ध्या वाक्यात येऊन जातं, एवढ्यासाठी कुणी उतारा लिहीत नाही. (२) ची मागणी कुठेच नाही, ती वाचणाऱ्याच्या मनात असते. (३) मध्ये ‘निव्वळ’ आहे म्हणून काही जण घाबरतात, कारण टोकाचे शब्द असलेला पर्याय टाळावा असं कुठेतरी ऐकलेलं असतं. तो नियम आंधळेपणाने लावू नकोस. ‘निव्वळ’ला उताऱ्यातला ‘तेवढ्याने’ जोडीदार आहे. जोडीदार असला की टोकाचा शब्दही चालतो.

हेतूच्या पर्यायांत मी आधी क्रियापद वाचते आणि विषय नंतर. ‘वर्णन करणे’, ‘तुलना करणे’, ‘खंडन करणे’, ‘इशारा देणे’, ‘समर्थन करणे’, ‘प्रश्न उपस्थित करणे’. उताऱ्यात एकही मतदर्शक शब्द सापडला असेल तर नुसतं ‘वर्णन’ किंवा ‘माहिती देणे’ बहुधा चूक. खंडन म्हणायचं तर आधी कुणाचं तरी म्हणणं मांडलेलं हवं. इशारा म्हणायचा तर भविष्याबद्दल एखादं तरी वाक्य हवं. बऱ्याचदा विषय चारही पर्यायांत सारखाच फिरवलेला असतो आणि निकाल या क्रियापदावर लागतो.

आणखी एक छोटा नमुना घे, यात सूर जवळजवळ लपलेला आहे. ‘रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात काळे-करडे दिसतात. पावसाळ्यात त्यांवर फुलांचे गालिचे पसरतात, त्यांत कीटकभक्षी वनस्पतीही असतात. याच कातळांवर कोरलेली प्राचीन चित्रे २०२२ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत गेली. दप्तरी या जमिनीची नोंद “पडीक” अशी आहे.’ चार वाक्यांत एकही भावनेचा शब्द नाही. तरी ‘सड्यांचे वर्णन करणे’ हे उत्तर चुकेल. शेवटच्या वाक्यातल्या अवतरणचिन्हांनी आधीची तिन्ही वाक्यं साक्षीदार झाली, आणि लेखकाचा हेतू त्या नोंदीवर प्रश्न उभा करण्याचा आहे. तेच वाक्य पहिलं असतं आणि त्याला अवतरणचिन्हं नसती, तर हेतू ‘वर्णन’कडे खूप सरकला असता. म्हणून माहिती कुठल्या क्रमाने आली आहे तेही बघायचं. हेतूच्या प्रश्नात शेवटची दोन वाक्यं पहिल्या पाचांपेक्षा जास्त बोलतात.

खरोखर तटस्थ उतारे असतात, आणि ते तुला कंटाळवाणे वाटतील. एखाद्या प्रक्रियेची माहिती, दोन मतांची मांडणी, कुणाच्याच वाक्याला ‘सगळा’ किंवा ‘मात्र’ची धार नाही. तिथे सूर उगाच हुडकू नये. ‘वस्तुनिष्ठ’, ‘विश्लेषणात्मक’ हे पर्याय अशा ठिकाणी बिनधास्त घ्यावेत. ‘उदासीन’ हा पर्याय मात्र जवळपास कधीच बरोबर नसतो, कारण ज्याला विषयाचं काहीच पडलेलं नाही तो त्यावर उतारा लिहायला बसत नाही. तटस्थ माणूस बाजू घेत नाही, उदासीन माणसाला पर्वा नसते, हा फरक परीक्षकाला माहीत असतो आणि तो मुद्दाम दोन्ही शब्द शेजारी ठेवतो.

आता यादीचं. पन्नास-साठ शब्दांची यादी पाठ करून फारसं हाती लागत नाही, कारण मुलांना शब्दांचे अर्थ येत असतात, त्यांच्यातलं अंतर कळत नसतं. म्हणून यादी करायचीच तर जोड्यांची कर. साशंक आणि निराश : साशंकाला अजून पुरावा हवा असतो, निराशाने आशा सोडलेली असते. चिकित्सक आणि टीकात्मक : पहिला गुणदोष दोन्ही तपासतो, दुसरा दोषाकडे झुकलेला असतो. उपरोध आणि उपहास : उपरोधात म्हणणं उलटं असतं, उपहासात समोरच्याला हसणं असतं. हळहळ आणि संताप. कौतुक आणि भारावून जाणं. अशा दहा-बारा जोड्या पुष्कळ झाल्या, आणि प्रत्येक जोडीसाठी तुझ्या घरातल्या विषयावर दोन वाक्यं स्वतः लिही. रापणीवर एक साशंक वाक्य आणि एक निराश वाक्य. ते लिहिताना कुठला शब्द बदलावा लागला हे हाताला कळतं, आणि मग छापील उताऱ्यात तोच शब्द डोळ्याला लागतो.

घरच्या विषयाचा उतारा आला की मी मुलांना एक गोष्ट करायला सांगते. प्रश्न वाचण्याआधी समासात दोन शब्द लिहायचे, लेखकाला काय वाटतं आणि मला काय वाटतं. दोन्ही सारखे आले तर संशय घ्यायचा आणि लेखकाच्या रकान्यासाठी वाक्य शोधायचं. सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर तो शब्द तुझा आहे. पाच-सात सेकंदांचं काम आहे. पर्ससीनच्या त्या उताऱ्यात तुझ्याकडे दोन्ही रकान्यांत ‘पाठिंबा’ आला असता आणि लेखकाच्या बाजूला दाखवायला फक्त ‘राग समजण्यासारखा’सारखं एखादं वाक्य मिळालं असतं, जे पाठिंब्याला पुरत नाही.

उत्तरतालिकेशी न पटण्याचे प्रसंग येणार. सराव परीक्षांच्या तालिकांत सुराच्या प्रश्नांची उत्तरं कधीकधी खरंच कच्ची असतात, कारण उतारा एकाने निवडलेला असतो आणि पर्याय दुसऱ्याने घाईत लिहिलेले असतात. तालिकेतल्या पर्यायाच्या प्रत्येक शब्दाला उताऱ्यात आधार शोध. मिळाला तर तुझं चुकलं, तो प्रश्न वहीत उतरव आणि शेजारी ते वाक्य लिही. नाही मिळाला तर सोडून दे, त्यावरून स्वतःची पद्धत बदलू नकोस. आयोगाच्या परीक्षेत पहिली उत्तरतालिका आल्यावर हरकत घेता येते. दृष्टिकोनाच्या प्रश्नावर हरकत घ्यायची असेल तर ‘विषयाची मला माहिती आहे’ हे कारण तिथे चालत नाही, उताऱ्यातली ओळ उद्धृत करावी लागते. सराव परीक्षेच्या त्या उताऱ्याचा फोटो असेल तर पाठव, त्यात ‘पण’ कुठे होतं ते बघू.